गीता धृतराष्ट्राने कधी ऐकली?



पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात ज्ञानेश्वरी पारायणाचा सप्ताह होता आणि चौथ्या दिवसाचे कीर्तन माझ्याकडे होते. पहिल्या अध्यायाचा प्रसंग मी रंगवून सांगितला. इकडे कुरुक्षेत्रावर शंख वाजत आहेत, तिकडे हस्तिनापुरात आंधळा राजा अधीर होऊन बसला आहे, शेजारी संजय बसून दिव्यदृष्टीने पाहतो आहे आणि भगवंतांच्या मुखातून शब्द निघतो न निघतो तोच राजाच्या कानी घालतो आहे. टाळकऱ्यांनी माना डोलावल्या. मलाही कीर्तन साधल्याचे समाधान वाटले.

रात्री जेवणानंतर गावातले म्हातारे विणेकरी माझ्याजवळ येऊन बसले. हळूच म्हणाले, "महाराज, राग मानू नका. पण राजानं पहिला प्रश्न विचारला तेव्हा भीष्म पडल्याचं त्याला आधीच कळलं होतं ना?"

मी म्हणालो, "बाबा, भीष्म दहाव्या दिवशी पडले. गीता पहिल्या दिवशीची. आधी कसं कळेल?"

ते म्हणाले, "गीता सांगितली पहिल्या दिवशी. राजानं ऐकली कधी, ते एकदा भीष्मपर्वात बघा."

घरी आल्यावर भीष्मपर्व काढले आणि पाहतो तर म्हाताऱ्याचे बोलणे अक्षर अक्षर खरे. आयुष्यभर ज्या श्लोकापासून मी सुरुवात करत आलो, त्याच्या मागची पाने मी कधी नीट वाचलीच नव्हती. त्या दिवसापासून एक नाद लागला. महाभारतात कथा ज्या क्रमाने सांगितली आहे तो क्रम वेगळा आणि गोष्टी ज्या क्रमाने घडल्या तो क्रम वेगळा. सांगण्याचा क्रम उलगडून घडण्याचा क्रम पुन्हा कसा लावायचा, ते भीष्मपर्वाच्याच आधाराने तुमच्यापुढे मांडतो.

आधी एक गोष्ट पक्की करू. महाभारतात बोलणारे एकाच्या आत एक असे तीन आहेत. सर्वांत बाहेर नैमिषारण्यात सौती शौनकादी ऋषींना सांगतो आहे. त्याच्या आत जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायन जनमेजयाला सांगत आहेत. जनमेजय हा अर्जुनाचा पणतू. अर्जुन, अभिमन्यू, परीक्षित, जनमेजय अशी ती पिढी. म्हणजे युद्धाला तोवर बरीच वर्षे लोटली आहेत. आणि त्याच्याही आत, युद्धाच्या दिवसांतच, संजय धृतराष्ट्राला सांगतो आहे. म्हणून कोणत्याही अध्यायाशी थांबून पहिला प्रश्न हाच विचारायचा की आता कोण कोणाला सांगतो आहे. हे चुकले की पुढचे सगळे गणित चुकते.

आता भीष्मपर्वाचा आरंभ पाहा. युद्धाच्या आधी व्यास धृतराष्ट्राकडे येतात आणि युद्ध पाहायचे असेल तर दृष्टी देतो म्हणतात. कुळाचा नाश डोळ्यांनी पाहणे नको, ऐकणे पुरे, असे राजा म्हणतो. तेव्हा व्यास संजयाला वर देतात. दिवसा-रात्री, उघड किंवा गुप्त, मनात आलेलेसुद्धा त्याला कळेल. आपण इथेच थांबतो आणि संजयाला राजाशेजारी बसवून टाकतो. पण वराचा पुढचा भाग असा आहे की शस्त्रे त्याला छेदणार नाहीत, श्रम त्याला बाधणार नाहीत आणि तो या युद्धातून जिवंत सुटेल. वाचकहो, जो राजवाड्यात बसून राहणार त्याला शस्त्रापासून अभय कशाला लागते? वर देतानाच हे धरलेले आहे की संजय रणांगणावर जाणार-येणार आहे. पुढे शल्यपर्वात सात्यकीने त्याला रणात पकडल्याचा आणि व्यासांच्या सांगण्यावरून सोडल्याचा प्रसंगही येतो.

वरानंतर काही अध्याय पृथ्वीचे, द्वीपांचे, पर्वतांचे आणि नद्यांचे वर्णन चालते. ज्या भूमीसाठी राजे मरायला निघाले, ती भूमी केवढी आहे हे राजाला ऐकायचे आहे. तिथवर काळ युद्धापूर्वीचा आहे. आणि मग, प्रचलित पोथीतल्या तेराव्या अध्यायात, एकदम उडी पडते. वैशंपायन सांगतात की संजय रणांगणावरून घाईघाईने आला आणि चिंतेत बसलेल्या राजाला म्हणाला, भीष्म पडले. या दोन अध्यायांच्या मधल्या बेचक्यात युद्धाचे दहा दिवस होऊन गेले आहेत. पोथीत फक्त एक पान उलटले आहे.

राजा शोक करतो. दहा दिवस शत्रूला थोपवून धरणारा वीर पडलाच कसा, त्याच्याभोवती कोण होते, कोण पळाले, असे अनेक प्रश्न विचारतो आणि मग सगळे पहिल्यापासून सांगायला सांगतो. संजय मागे जातो, सैन्याची मांडणी सांगतो, पहिल्या सकाळपर्यंत येतो आणि तेव्हा प्रचलित पोथीच्या पंचविसाव्या अध्यायापासून गीता सुरू होते. बेचाळिसाव्या अध्यायात ती संपते. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीत अध्यायांचे आकडे थोडे वेगळे आहेत. तिथे भीष्म पडल्याची बातमी चौदाव्यात आणि गीता तेविसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंत. आकडे बदलले तरी क्रम तोच राहतो. बातमी आधी, गीता नंतर.

आपल्या वारकऱ्यांच्या नजरेतून हे का निसटते, तेही उघड आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर माउलींनी गीतेवर टीका सांगितली, आणि गीतेचा आरंभ राजाच्या प्रश्नापासून होतो. आपल्या हातातल्या पोथीत मागचे अध्याय नाहीत, कारण ते गीतेचे नाहीतच. माउलींच्या पुढे बसलेल्या श्रोत्यांना भारतकथा ठाऊक होती. आपण ती विसरलो आणि रिकाम्या जागी आपल्या मनाचे चित्र भरले.

कोणी म्हणेल, मागच्या अध्यायांवरून सांगता, गीतेत याची खूण आहे का? आहे, दोन्ही टोकांना आहे. पहिल्या श्लोकातले राजाचे क्रियापद भूतकाळाचे आहे. माझ्या मुलांनी आणि पांडवांनी काय केले, असे तो विचारतो. काय करत आहेत, असे नाही. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी संजय म्हणतो की तो संवाद आणि ते अद्भुत रूप पुन्हा पुन्हा आठवून मला हर्ष होतो. जे डोळ्यांसमोर चालू आहे ते कोणी आठवत नाही. आठवतो तो होऊन गेलेल्या गोष्टीला. म्हणजे पहिला श्लोक आणि शेवटचे श्लोक दोन्ही साक्ष देतात की संजय मागची गोष्ट सांगतो आहे.

आता हीच युक्ती पुढच्या पर्वांना लावा. द्रोणपर्वात संजय द्रोण पडल्याची बातमी आधी आणतो, राजा शोक करतो, आणि मग अकराव्यापासून पंधराव्या दिवसापर्यंतची कथा मागून येते. कर्णपर्वात कर्ण पडल्याची बातमी आधी, मग सोळावा आणि सतरावा दिवस. शल्यपर्वात शल्य आणि दुर्योधन दोघेही पडल्याची बातमी आधी, मग अठरावा दिवस. चार वेळा एकच ठेवण आहे. बातमी, शोक, प्रश्न, आणि मग आरंभापासून निवेदन. ही ठेवण ओळखता आली की काळ मागे कुठे वळला, ते लगेच कळते. राजाचा विलाप आणि "हे कसे घडले ते सांग" हा प्रश्न दिसला की समजावे, इथून कथा उलटी फिरली.

मागे वळलेल्या कथेतले दिवस मोजायचे तर खुंट्या लागतात. भीष्मपर्वात प्रत्येक दिवसाला दोन खुंट्या आहेत. सकाळी व्यूह रचतात आणि सूर्यास्ताला सैन्ये मागे घेतात. दुसऱ्या दिवशी पांडवांचा क्रौंचव्यूह. तिसऱ्या दिवशी कौरवांचा गरुड आणि पांडवांचा अर्धचंद्र. पाचव्या दिवशी कौरवांचा मकर आणि पांडवांचा श्येन. नवव्या दिवशी भीष्मांचा सर्वतोभद्र. मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे पोथीतला अध्याय, उजवीकडे युद्धाचा दिवस. प्रत्येक सूर्यास्ताशी एक आडवी रेघ मारत गेलो, आणि भीष्मपर्व दहा रेघांत बरोबर बसले.

द्रोणपर्वात मात्र माझे गणित चुकले. एक दिवस कमी-जास्त होऊ लागला. पुन्हा वाचल्यावर चूक सापडली. चौदाव्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास जयद्रथ पडतो, पण त्या दिवशी सैन्ये मागे फिरत नाहीत. मशाली पेटवून युद्ध रात्रीही चालते आणि त्याच रात्री घटोत्कच पडतो. मी सूर्यास्ताशी रेघ मारून घटोत्कचाला पंधराव्या दिवसात टाकले होते. म्हणून सूर्य मावळल्याचा उल्लेख पुरेसा नाही. सैन्ये छावणीत परतली का, हे पाहायचे. ही दुरुस्ती केल्यावर तेराव्याला अभिमन्यू, चौदाव्याला जयद्रथ आणि त्याच रात्री घटोत्कच, पंधराव्याला द्रोण, असे सगळे जागच्या जागी बसले.

आता आपण लावलेला क्रम बरोबर आहे की नाही, हे दुसऱ्या वाटेने ताडून पाहता येते का? एक फार सुंदर जागा आहे, आणि ती तीर्थयात्रेची आहे.

अठराव्या दिवशी भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्ध सुरू होणार, इतक्यात बलराम तिथे येतात. आणि नेमक्या त्या क्षणी कथा थांबते. जनमेजय वैशंपायनांना विचारतो की बलराम कोणकोणत्या तीर्थांना जाऊन आले. पाहा, मघापर्यंत संजय धृतराष्ट्राला सांगत होता आणि आता एकदम बाहेरच्या चौकटीतला श्रोता बोलू लागला. मग सुमारे वीस अध्याय सरस्वतीच्या तीरावरची तीर्थे येतात. प्रभासापासून निघून प्रवाहाच्या उलट दिशेने बलराम चालत जातात, आणि प्रत्येक तीर्थाशी त्याची त्याहूनही जुनी कथा येते. गदा उचललेले दोघे तिथेच उभे आहेत आणि आपण वीस अध्याय यात्रा करतो आहोत. नवखा वाचक इथे हमखास गोंधळतो आणि ही यात्रा युद्धानंतरची समजतो. प्रत्यक्षात ती युद्धाच्या आधी सुरू झाली आणि युद्ध चालू असताना चालू राहिली.

हे कशावरून? बलराम स्वतःच सांगतात की मला निघून आज बेचाळीस दिवस झाले. पुष्य नक्षत्रावर निघालो आणि श्रवणावर परत आलो. आता बोटांवर मोजू. चंद्र रोज साधारण एक नक्षत्र पुढे सरकतो आणि नक्षत्रे सत्तावीस. पुष्य आठवे, श्रवण बाविसावे. निघाल्याचा दिवस पहिला धरला तर सत्तावीस नक्षत्रांची एक फेरी पुरी होऊन अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा पुष्य येते. पुष्यापासून श्रवण चौदा घरे पुढे. अठ्ठावीस आणि चौदा मिळून बेचाळीस. नक्षत्रांचा हिशेब आणि दिवसांचा आकडा तंतोतंत जुळतो. ज्याने ही ओळ रचली त्याने मोजून रचली आहे.

परतण्याचा दिवस युद्धाचा अठरावा. मग युद्धाचा पहिला दिवस म्हणजे यात्रेचा पंचविसावा. म्हणजे बलराम निघाल्यावर चोवीस दिवस युद्ध सुरू झाले नव्हते, आणि पुढचे अठरा दिवस इकडे रक्त वाहत होते तेव्हा तिकडे ते सरस्वतीत स्नान करत होते. उद्योगपर्वात बलराम पांडवांच्या छावणीत येऊन, हा नाश पाहवत नाही म्हणून यात्रेला निघतात, तो प्रसंग आणि शल्यपर्वातले त्यांचे परत येणे यांची गाठ अशी पडते. मध्ये चार पर्वांचे अंतर आहे, पण धागा एकच.

पण वाचकहो, सगळ्याच गाठी अशा बसत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. अठराव्या दिवशी श्रवण असेल तर पहिल्या दिवशी सतरा घरे मागे, म्हणजे मृगशीर्ष हवे. भीष्मपर्वात मात्र सैन्ये समोरासमोर आली त्या दिवशी चंद्र मघेच्या ठिकाणी होता असा उल्लेख आहे, आणि मघा दहावे नक्षत्र. पाच घरांचा फरक पडतो. मघेची देवता पितर. म्हणून ते वाक्य चंद्राच्या जागेविषयी नसून पितृलोकाविषयी आहे, असा अर्थ लावणारेही आहेत. मला यात ओढाताण करावीशी वाटत नाही. माझ्या वहीत त्या ओळीपुढे मी एक फुली मारून ठेवली आहे. कथेच्या अंगातून जो क्रम निघतो, म्हणजे सेनापती कोण, व्यूह कोणता, कोण जिवंत आणि कोण पडलेला, तो पक्का आहे. नक्षत्रांवरून जे निघते ते जुळले तर आधाराला घ्यावे आणि न जुळले तर न जुळलेले म्हणून लिहून ठेवावे. जुळवण्यासाठी मजकूर वाकवला की मग आपण कथा वाचत नाही, आपली कथा लिहितो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. क्रम लावून काय मिळाले? मला मिळाले ते विश्वरूपाच्या अध्यायात. तिथे भगवंत अर्जुनाला चौघांची नावे सांगतात. द्रोण, भीष्म, जयद्रथ आणि कर्ण. हे माझ्याकडून आधीच मारले गेले आहेत, तू निमित्त हो, असा त्याचा भाव. हे बोल तीन ठिकाणी ऐकू येतात आणि तिन्ही ठिकाणी त्यांचा काळ निराळा आहे.

अर्जुनाने ऐकले तेव्हा पहिली सकाळ होती. चौघेही समोर धडधाकट उभे होते. त्याच्यासाठी ते चारही मृत्यू पुढचे.

जनमेजयाने ऐकले तेव्हा चौघांनाही जाऊन पिढ्या उलटल्या होत्या. त्याच्यासाठी चारही मागचे.

आणि धृतराष्ट्राने ऐकले तेव्हा? भीष्म शरपंजरी पडले होते. जयद्रथ, द्रोण आणि कर्ण अजून जिवंत होते. चार नावांतले एक खरे ठरलेले त्याच्या कानावर घडीभरापूर्वीच आले होते, आणि उरलेली तीन नावे त्याच संजयाच्या तोंडून तो ऐकत होता. जयद्रथाला अजून चार दिवस होते, द्रोणांना पाच, कर्णाला सात. आणि जयद्रथ हा तर त्याचा जावई, दुःशलेचा नवरा.

मी पूर्वी कीर्तनात सांगायचो की बिचाऱ्या राजाला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. आता तसे सांगता येत नाही. त्याला अर्धे ठाऊक होते. पडल्यावर भीष्मांनी दुर्योधनाला सांगितले होते की माझ्या शेवटाबरोबर हे वैर संपू दे. राजा सिंहासनावर होता, मुलगा जिवंत होता, आठ दिवस शिल्लक होते. अशा वेळी त्याने सगळी गीता ऐकली, अठराही अध्याय, आणि युद्ध थांबवण्याचा निरोप त्याने पाठवला नाही. संजयाला पुढचे विचारले, इतकेच. अकराव्या दिवशी द्रोण सेनापती झाले होते आणि रणवाद्ये पुन्हा वाजली होती.

राजा पहिल्या दिवशीच ऐकत बसला होता असे धरले तर तो केवळ असहाय श्रोता ठरतो. तो दहाव्या दिवसानंतर ऐकतो आहे हे कळले की त्याच्यावरची जबाबदारी दिसू लागते. श्लोक तेच, अक्षरे तीच. केवळ ऐकण्याचा दिवस कळल्याने तो माणूस वेगळा दिसतो.

त्या विणेकरी बाबांना मी पुढच्या वर्षी भेटायला गेलो होतो. वही दाखवली. त्यांना आता नीट दिसत नव्हते, म्हणून मीच वाचून दाखवली. चौदाव्या दिवसाची चूक सांगितली तेव्हा ते हसले. म्हणाले, "मलाही तिथंच अडलं होतं. मी रेघ मारली नव्हती, गाठ मारली होती सुतळीला. एक गाठ सोडावी लागली."

आता माझा गळा कीर्तनाला साथ देत नाही. पण गावात पारायण असले की मी मागे बसतो, आणि पहिला श्लोक सुरू झाला की मनात तेराव्या अध्यायाचे पान उलटतो. तुमच्याही घरी भीष्मपर्व असेल तर गीता उघडण्याआधी त्याची मागची बारा-तेरा पाने एकदा वाचा. मग राजाचा प्रश्न ऐका. त्यात भीष्म पडल्याचे ऐकून आलेला कंप आहे.

राम कृष्ण हरी.